आजीच्या चेहऱ्यासाठी दिलेले सोळा फोटो

माझ्या आजीचा लहानपणीचा एकही फोटो नाही. तिचं माहेर शनिवार पेठेतलं, नदीपासून हाकेच्या अंतरावरचं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ती सोळा वर्षांची होती. वाडा अर्धा बसला आणि लाकडी पेटीतले फोटो, कुंडल्या, पणजोबांच्या वह्या असं सगळं चिखलात गेलं. आज तिचा सगळ्यात जुना फोटो म्हणजे १९६५ चा लग्नातला, तोही मान खाली घातलेला. या जानेवारीत तिचं सहस्रचंद्रदर्शन होतं. त्यासाठी घरच्या घरी एक छोटी स्मरणिका काढायचं ठरलं आणि पहिल्या पानावर पुराआधीची, त्या वाड्याच्या ओसरीवर उभी असलेली आजी असावी असं मला फार वाटत होतं.

फोटोंवरून नवं चित्र तयार करून देणाऱ्या एका सेवेवर मी डिसेंबरात खातं उघडलं. तिचं नाव इथे देत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने अशा बऱ्याच सेवांना लागू पडतं. तिथे दोन रस्ते होते. एक म्हणजे एकच फोटो संदर्भाला देऊन चित्र मागायचं. दुसरा म्हणजे दहा ते वीस फोटो देऊन त्या माणसाचं ‘पात्र’ तयार करून घ्यायचं, म्हणजे पुढे हव्या त्या प्रसंगात तोच चेहरा मिळतो. मी दुसरा रस्ता घेतला. रविवारी, ७ डिसेंबरला रात्री, लॅपटॉपवरून सोळा फोटो चढवले. सहा आजीचे अलीकडचे, एक लग्नातला, चार माझ्या आईचे तरुणपणीचे आणि पाच माझ्या मामेबहिणीच्या मुलीचे. ती चौदा वर्षांची आहे आणि सगळे म्हणतात की पणजीचा चेहरा तिच्यात उतरलाय. पंधरा-सोळा वर्षांची आजी हवी तर या मुलीचा चेहरा उपयोगी पडेल, एवढाच विचार मी केला. तिला विचारलं नाही, तिच्या आईलाही विचारलं नाही.

वीसेक मिनिटांत पात्र तयार झालं आणि चित्र आलं. परकर-पोलक्यातली, दोन वेण्या घातलेली मुलगी लाकडी खांबाला टेकून उभी. मी ते घरच्या ग्रुपवर टाकलं. आईने पाहिल्याबरोबर म्हटलं, “अगं, ही आई कुठे? ही तर आपली छोटी!” पाच फोटो मुलीचे, तेही सगळ्यात स्पष्ट, त्यामुळे चेहरा तिच्याकडेच झुकला होता. बुधवारी सकाळी मामेबहिणीचा, ताईचा, फोन आला. ती चिडलेली नव्हती, घाबरलेली होती. “तू तिचे फोटो कुठे चढवलेस? आता ते कुठे आहेत? कोणाकोणाकडे आहेत?” या तीन प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर मला देता आलं नाही. पुढचे दहा-बारा दिवस मी ती उत्तरं शोधत होते.

पहिली गोष्ट मी तीच केली जी कोणीही करेल. तयार झालेली सगळी चित्रं खोडली, गॅलरी रिकामी केली आणि ताईला कळवलं की काढून टाकलं. संध्याकाळी सहज सेटिंग्जमधून फिरताना ‘अपलोड्स’ असा वेगळा कप्पा दिसला. त्यात सोळाच्या सोळा फोटो जसेच्या तसे होते. तयार झालेलं चित्र आणि त्यासाठी दिलेला फोटो या तिथे दोन वेगळ्या वस्तू होत्या, आणि एक खोडल्याने दुसरी जात नव्हती. मी त्यातला दिवाळीत ताईच्या घरी काढलेला एक फोटो परत उतरवून घेतला आणि माझ्या मूळ फाइलशी ताडून पाहिला. आकार अगदी तेवढाच, ४.२ एमबी. म्हणजे त्यांनी लहान केलेली प्रत ठेवली नव्हती, मूळ फाइलच ठेवली होती. मग फाइलीतल्या लपलेल्या नोंदी दाखवणाऱ्या `exiftool` या साधनाने आत काय आहे ते पाहिलं:

```
exiftool -gps:all -DateTimeOriginal diwali_03.jpg
```

फोनने फोटो काढताना फाइलच्या पोटात लिहिलेले अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ सगळं शाबूत होतं. ते आकडे नकाशात टाकले तर खूण थेट ताईच्या कर्वेनगरच्या सोसायटीवर पडत होती. पाचपैकी तीन फोटो माझ्या फोनने काढलेले होते आणि तिघांतही हे होतं. उरलेले दोन शाळेच्या स्नेहसंमेलनातले, व्हॉट्सॲपवर आलेले. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र पुन्हा दाबून बनवलं जातं आणि त्यात ही ठिकाणाची नोंद उरत नाही, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलं तर मात्र उरते. त्या दोन फोटोंत ठिकाण नव्हतं, पण गणवेशावरचा बिल्ला वाचता येत होता. मुलीचा चेहरा, शाळा आणि घर, तिन्ही मी एका अनोळखी सर्व्हरवर एकत्र नेऊन ठेवलं होतं. हे पाहिलं तेव्हा पोटात गोळा आला.

खोडण्याआधी मी एक काम केलं, आणि ते केलं हे बरंच झालं. प्रत्येक फोटोवर उजवी क्लिक करून चित्राचा पत्ता कॉपी केला आणि एका फाइलमध्ये जपून ठेवला. मूळ फोटोचा एक आणि छोट्या ठोकळ्यात दिसतो त्या लघुचित्राचा एक, असे प्रत्येकी दोन. मग ते पत्ते नवऱ्याच्या फोनवर खाजगी खिडकीत उघडले. त्या फोनवर माझं खातं नव्हतं, तरी फोटो दिसले. म्हणजे लॉगिन फक्त दाराशी होतं. आतल्या फाइलला स्वतःचा लांबलचक पत्ता होता आणि तो ज्याच्या हाती असेल त्याला ती दिसत होती. त्या पत्त्याच्या शेपटीत हेही होतं:

```
X-Amz-Expires=604800
```

हे सेकंद आहेत, म्हणजे बरोबर सात दिवस. एवढ्या मुदतीनंतर तो पत्ता आपोआप निकामी होतो. हे माहीत असणं गरजेचं आहे, कारण आठव्या दिवशी तोच पत्ता उघडून ‘बघा, गेला फोटो’ असं समजणं चूक ठरेल. मुदत संपलेली असेल तर `Request has expired` असा निरोप येतो, आणि त्यावरून फाइल आहे की नाही काहीच कळत नाही. फाइल खरोखर गेली असेल आणि मुदत शिल्लक असेल तर बहुधा `NoSuchKey` दिसतं. त्यामुळे तपासायचं ते सात दिवसांच्या आत.

बुधवारी रात्री, १० डिसेंबरला, मी सोळाही अपलोड खोडले. लगेच पत्ते उघडले तर मूळ फोटो अजून दिसत होते. गुरुवारी दुपारी पुन्हा पाहिलं तेव्हा सोळांवर `NoSuchKey` आलं. लघुचित्रं मात्र सोमवारपर्यंत उघडत होती. त्याचं कारण नंतर कळलं. पान पटकन उघडावं म्हणून अशा सेवा लहान चित्रांच्या प्रती जगभरच्या मधल्या सर्व्हरवर ठेवतात. मूळ फाइल पुसली तरी त्या प्रती आपापली मुदत संपेपर्यंत तिथे राहतात, जोवर कोणी मुद्दाम त्या झाडून काढत नाही. यात लबाडी नाही, पण ‘डिलीट झालं’ हा पडद्यावरचा हिरवा निरोप आणि शेवटची प्रत जाणं यांत पाच दिवसांचं अंतर होतं, हे मी स्वतः मोजलं.

मला सगळ्यात जास्त हादरवणारी गोष्ट गुरुवारीच झाली. अपलोड गेल्याची खात्री पटल्यावर सहज ‘पात्र’ या कप्प्यात गेले. तिथे आजीच्या नावाचं पात्र तसंच होतं, फक्त त्यावरचं चित्र करडं झालं होतं. मी एक ओळ लिहिली, नदीकाठी उभी असलेली मुलगी, आणि बटण दाबलं. अर्ध्या मिनिटात भाचीचा चेहरा समोर आला. फोटो एकही उरला नव्हता आणि चेहरा मात्र होता.

हे कसं होतं ते समजून घ्यायला मी एका ओळखीच्या मुलाला गाठलं. तो हिंजवडीत याच क्षेत्रात काम करतो. त्याने फार सोपं करून सांगितलं. मोठं मॉडेल आधीच तयार असतं, त्याला माणसाचा चेहरा म्हणजे काय ते माहीत असतं. तुम्ही दहा-वीस फोटो दिले की त्या मोठ्या मॉडेलला हात न लावता त्याच्यावर एक छोटी जोडफाइल शिकवून बसवतात. ‘लोरा’ नावाची पद्धत यासाठी बरीच वापरली जाते. ही जोडफाइल म्हणजे फोटोंचा गठ्ठा नव्हे. या चेहऱ्यासाठी कोणता आकडा किती सरकवायचा, याची ती यादी असते. शिकवताना फोटो लागतात, शिकवून झालं की लागत नाहीत. “साच्यात मूर्ती ओतून झाली की पहिली मूर्ती फोडली काय नि ठेवली काय,” तो म्हणाला. म्हणून फोटो पुसणं आणि साचा पुसणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि अटींत दोन्हींचा उल्लेख वेगवेगळा शोधावा लागतो. तिथे माझ्या पात्रालाही खोडायचं बटण होतं, पण तीन टिंबांच्या आत, दुसऱ्या पानावर.

हा फरक केवळ तांत्रिक नाही, हेही मग वाचनात आलं. अमेरिकेत एव्हरअल्बम या कंपनीचं ‘एव्हर’ नावाचं फोटो साठवायचं ॲप होतं. खातं बंद केलं की फोटो पुसले जातात असं ती लोकांना सांगत होती, प्रत्यक्षात ते राहत होते. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२१ च्या आदेशात फोटो तर पुसायला लावलेच, शिवाय त्या फोटोंवरून तयार झालेली मॉडेल आणि अल्गोरिदमही पुसायला लावले. फोटो पुसून भागत नाही, हे तिथे कागदावर आलं.

त्या रात्री मी अटी वाचायला बसले. खरं तर अटी म्हणजे तीन वेगळे कागद होते: वापराच्या अटी, प्रायव्हसी पॉलिसी आणि मदत विभागातलं एक पान. तिन्ही सलग वाचायचा प्रयत्न केला आणि अर्ध्या तासात डोकं चालेनासं झालं. मग प्रत्येक पानावर एकेक शब्द शोधत गेले: `retain`, `delete`, `train`, `improve`, `backup`, `license`. त्याने चित्र स्पष्ट झालं.

‘ट्रेन’ हा शब्द वापराच्या अटींत एकदाही नव्हता. तेवढं पाहून मी थांबले असते तर फसले असते. परवान्याच्या कलमात लिहिलं होतं की तुम्ही चढवलेलं साहित्य साठवायला, त्याच्या प्रती काढायला, त्यात बदल करायला आणि त्यापासून नवं साहित्य बनवायला तुम्ही आम्हाला परवानगी देता, सेवा चालवण्यासाठी ‘आणि सुधारण्यासाठी’. सगळं वजन या ‘सुधारण्यासाठी’वर आहे. चालवण्यासाठी परवानगी लागणारच, त्याशिवाय सर्व्हर माझा फोटो हाताळूही शकत नाही. पण सुधारणे म्हणजे काय याचा अर्थ अटींत नव्हता, तो मदतीच्या पानावर होता: सुधारणेत मॉडेल शिकवणंही येतं, नको असेल तर सेटिंग्जमधला खटका बंद करा. खटका मुळात चालू होता. मी तो बुधवारी बंद केला होता आणि मनात हायसं वाटलं होतं. पण त्याखालची बारीक ओळ आता वाचली. खटका बंद केल्यानंतर चढवलेल्या साहित्यालाच तो लागू, आधीच्या नाही. माझे सोळा फोटो रविवारी गेले होते. रविवार ते बुधवार या तीन दिवसांत ते उचलले गेले का, याचं उत्तर खटक्यात नव्हतं.

आणखी एक ओळ तिथेच होती. चित्राखालच्या अंगठ्यावर, म्हणजे आवडलं किंवा नावडलं यावर, क्लिक केलं तर ते चित्र आणि त्यामागचं साहित्य अभिप्राय म्हणून धरलं जातं आणि खटका बंद असला तरी सुधारणेला वापरता येतं. मी पहिल्याच चित्राला मोठ्या आनंदाने अंगठा दिला होता.

किती दिवस ठेवतात, या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात नव्हतं. खोडलेली फाइल चालू साठ्यातून तीस दिवसांच्या आत जाईल, बॅकअपमधून नव्वद दिवसांपर्यंत. बॅकअपचं मला पटलं. बॅकअप म्हणजे त्या दिवशीच्या सगळ्या साठ्याचा एकत्र गठ्ठा, त्यातून एकट्याचा फोटो वेचून काढणं अवघड असतं, म्हणून तो गठ्ठा जुना होऊन पुसला जाईपर्यंत थांबतात. पण त्याच परिच्छेदात एक अपवाद होता, आणि तो ताईच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. सुरक्षेच्या तपासणीसाठी बाजूला काढलेलं साहित्य वापरकर्त्याने खोडलं तरी वेगळं जपलं जाऊ शकतं, आणि गरज पडल्यास माणसं ते पाहू शकतात. हा अपवाद असणं मला योग्यच वाटतं. मुलांच्या चित्रांचा गैरवापर पकडायचा तर पुरावा ठेवावा लागणार. पण याचाच अर्थ असा की अठरा वर्षांखालच्या मुलीचा फोटो अशा तपासणीत अडकण्याची शक्यता मोठ्या माणसाच्या फोटोपेक्षा जास्त, आणि अडकला की तो माझ्या हातातून कायमचा गेला. शिवाय वापराच्या अटींत स्पष्ट होतं की अल्पवयीन व्यक्तीचे फोटो पालकांच्या संमतीशिवाय चढवू नयेत, आणि फोटोतल्या प्रत्येकाची परवानगी घेतल्याची हमी चढवणारा देतो. ती हमी मी दिली होती, एका चौकोनात टिचकी मारून. चूक माझी होती, हे मी ताईला फोन करून सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “बरं, आता पुढे काय ते बघू. तू मेल लिही, मी वाचते.”

खातं लगेच बंद करून टाकावं असं मला फार वाटत होतं. हिंजवडीच्या त्या मुलाने थांबवलं. खातं बंद झालं की तुम्हीच त्या फोटोंच्या मालक आहात हे सिद्ध करायचं साधन जातं, आणि पात्र खोडायचं बटणही जातं. म्हणून आधी हाताने जे जे खोडता येईल ते खोडायचं, मग मेल, उत्तर आल्यावर खातं. फोनमधून ॲप काढून टाकणं किंवा पैसे भरणं थांबवणं म्हणजे खातं बंद करणं नव्हे, हेही त्याने बजावलं. त्या दोन्हींनी सर्व्हरवरचं काहीच हलत नाही.

पात्र खोडलं आणि शुक्रवारी मेल गेला. पहिला मसुदा मी लांबलचक आणि भावनेने भरलेला लिहिला होता. ताईने तो कापला. ती बँकेत आहे, तक्रारअर्ज रोज वाचते. “त्यांना टाळता येणार नाही असं विचार,” ती म्हणाली. “एका वाक्यात एकच प्रश्न.” मग खात्याचा ईमेल, चढवल्याची आणि खोडल्याची तारीख-वेळ, फाइलींची नावं आणि पात्राचं नाव वर दिलं आणि खाली विचारलं: मूळ फोटो आणि त्यांच्या लहान प्रती पुसल्या का. पात्राची शिकवलेली फाइल पुसली का, आणि कोणत्या तारखेला. शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेला संपेल. चित्र तयार करायला दुसऱ्या कोणत्या कंपनीचे सर्व्हर वापरले आणि तिथे प्रत राहते का. सोळांपैकी एखादा फोटो सुरक्षा तपासणीत गेला का. आणि ७ ते १० डिसेंबर या काळात यांतला कोणताही फोटो किंवा अंगठा दिलेलं चित्र शिकवणीच्या संचात घेतलं गेलं का. पाच फोटो चौदा वर्षांच्या मुलीचे आहेत आणि तिच्या आईची संमती नव्हती, हे सरळ लिहिलं. ताईने पालक म्हणून वेगळा मेलही पाठवला.

आपला कायदा इथे किती कामी येतो, हेही आम्ही पाहिलं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्यात आपला डेटा पुसून मागण्याचा हक्क आहे आणि अठरा वर्षांखालच्या मुलांच्या डेटासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. पण त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. म्हणून मेलमध्ये धमकीचा सूर ठेवला नाही. त्यांच्याच पॉलिसीतली कलमं दाखवून विचारलं. माझ्या अनुभवात तेच जास्त उपयोगी पडलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की सेटिंग्जमध्ये जाऊन तुम्ही स्वतः डिलीट करू शकता. तो साचेबंद निरोप होता. मी त्याच धाग्यात लिहिलं की हे केलेलं आहे, प्रश्न त्यापुढचे आहेत, आणि ते पुन्हा खाली चिकटवले. १९ डिसेंबरला खरं उत्तर आलं, माणसाने लिहिलेलं. मूळ फोटो आणि लघुचित्रं चालू साठ्यातून गेली आहेत. पात्राची फाइल त्याच दिवशी पुसली. याचा अर्थ मी १२ तारखेला बटण दाबल्यावर ती फक्त माझ्या नजरेआड झाली होती, आणि ते मेलशिवाय मला कधीच कळलं नसतं. बॅकअप त्या दिवसापासून नव्वद दिवसांत संपतील. चित्र तयार करायला भाड्याचे सर्व्हर वापरतात, तिथे काम संपल्यावर प्रत राहत नाही. सुरक्षा तपासणीत एकही फोटो गेला नाही. शिकवणीचे संच ठरावीक काळाने गोळा करतात, त्या तीन दिवसांत तसा संच काढलेला नव्हता, आणि अंगठ्याची नोंद खात्यापासून तोडून पुसली आहे.

हे उत्तर मी ताईला वाचून दाखवलं, आणि त्यातलं काय मी पडताळू शकते आणि काय नाही, हेही सांगितलं. फोटोंचे पत्ते मी स्वतः मेलेले पाहिले. पात्र पुन्हा बोलावता येत नाही हेही पाहिलं. बाकी बॅकअप, तपासणी आणि शिकवणी यांबद्दल माझ्याकडे फक्त त्यांचा शब्द आहे, तारखेसह लेखी. एखादा चेहरा मोठ्या मॉडेलच्या शिकवणीत गेला असता तर तो तिथून वेचून काढण्याची सोपी रीत नाही. मॉडेल पुन्हा शिकवावं लागतं, आणि एका मुलीसाठी ते कोणी करत नाही. म्हणून मला सगळ्यात जास्त बोचतं ते हे की खटका बंद करायला अर्धं मिनिट लागतं आणि ते अर्धं मिनिट मी रविवारी पहिला फोटो चढवण्याआधी दिलं नाही.

स्मरणिकेचं पान रिकामं ठेवायचं नव्हतं. आजीलाच विचारलं. तिला सगळं नीट सांगितलं, फोटो कुठे जातो, काय राहतं. ती म्हणाली, “माझा लग्नातला घे. चेहरा माझा, मी हो म्हणते. पोरीचा नको.” या वेळी दुसरी सेवा निवडली, तिचं मदतीचं पान आधी वाचलं, खटका बंद केला आणि पात्र न बनवता एकाच फोटोच्या आधाराने चित्र मागितलं. फोटोत शेजारी आजोबा आणि मागे बसलेल्या दोन मावश्या होत्या, त्या कापून फक्त आजीचा चेहरा ठेवला. मग फाइल धुऊन घेतली:

```
exiftool -all= aaji_lagna.jpg
```

यात एक खोच आहे. हे केल्यावर धुतलेली फाइल त्याच नावाने राहते आणि जुनी, सगळ्या नोंदींसकट, `aaji_lagna.jpg_original` या नावाने शेजारी ठेवली जाते. चढवताना हात चुकून तिच्यावर जाऊ नये म्हणून मी ती दुसऱ्या फोल्डरात हलवली. फोटो कोणत्या बाजूने उभा धरायचा ही नोंदही या आज्ञेने जाते, त्यामुळे काही फोटो आडवे होतात. ते आधी फिरवून जतन करून घ्यायचे.

चित्र आलं त्यात मुलीची मान किंचित खाली आहे, लग्नातल्या फोटोसारखीच. ते उतरवून घेतलं, अंगठा दिला नाही, आणि त्याच बैठकीत फोटो, चित्र आणि खातं, सगळं काढलं. अप्पा बळवंत चौकात छापून घेताना चित्राखाली ओळ टाकली की हे काल्पनिक चित्र आहे, फोटो नव्हे. आजीने पान बराच वेळ हातात धरलं आणि म्हणाली की वेणी अशी नव्हती, एकच होती, शेपटा.

पहिल्या सेवेवरचं माझं खातं अजून उघडं आहे, मुद्दामच. नव्वद दिवस १९ मार्चला भरतात. घरच्या कालनिर्णयावर त्या चौकोनात खूण केली आहे आणि बॅकअप संपले का असं विचारणारा मेल ड्राफ्टमध्ये लिहून ठेवला आहे. त्याचं उत्तर आलं की ते ताईला पाठवायचं आणि मग खातं बंद करायचं.